‘हजर’ म्हणणारा तोच कशावरून?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. तो पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि दिवसाचे बारा तास एका अभ्यासिकेत बसतो. “मामा, इथलं नेट वेडं झालंय. सकाळी एकदम मस्त चालतं. संध्याकाळी सात वाजले की सगळ्यांचं बंद. वायफायची खूण पूर्ण दिसते, कनेक्टेड लिहिलेलं असतं, पण एक पान उघडत नाही. आणि गंमत म्हणजे खिडकीजवळ बसणाऱ्या एकाचं मात्र तेव्हाही सुसाट चालू असतं.”

अभ्यासिकेच्या मालकांनी दोनदा नेटवाल्याला बोलावलं होतं. त्याने राउटर बंद करून चालू केला, वायर हलवून पाहिली आणि “लोड जास्त आहे” असं सांगून तो गेला. पण लोडमुळे नेट सगळ्यांचंच मंदावतं, एकाला वगळून बाकीच्यांचं बंद पडत नाही. नेटवर्कचं काम करण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत, त्यामुळे खिडकीजवळचा तो एक म्हटल्यावर माझ्या मनात एकच नाव आलं : एआरपी स्पूफिंग. मराठीत त्याला नेटवर्कमधली प्रॉक्सी म्हणता येईल. कॉलेजात मित्राच्या नावावर ‘हजर’ म्हणून ओरडायचो, तीच प्रॉक्सी.

ही तुलना गमतीपुरती नाही, ती बरीच लांबपर्यंत चालते. आधी हजेरी कशासाठी घ्यावी लागते ते पाहू.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात. एक आयपी पत्ता, म्हणजे हजेरीपटावरचा नंबर. तो या वर्गापुरता मिळालेला असतो आणि उद्या बदलू शकतो. दुसरा मॅक पत्ता. तो नेटवर्क कार्डाचा स्वतःचा, साधारणपणे कारखान्यातूनच आलेला. वेबसाइट, ब्राउझर, अ‍ॅप हे सगळे आयपी पत्त्याच्या भाषेत बोलतात. पण एकाच खोलीतल्या दोन यंत्रांमध्ये प्रत्यक्ष पाकीट पोचवताना त्यावर मॅक पत्ता लिहावा लागतो. वायफाय आणि स्विच त्यावरूनच पाकीट कोणाच्या हातात द्यायचं ते ठरवतात.

भाच्याच्या लॅपटॉपला समजा 192.168.1.20 हा नंबर मिळालाय आणि राउटरचा नंबर 192.168.1.1 आहे. बाहेर जाणारं प्रत्येक पाकीट आधी राउटरकडे द्यायचं, एवढं लॅपटॉपला ठाऊक असतं. पण राउटरचा मॅक पत्ता त्याला माहीत नसतो. मग तो साऱ्या खोलीला ऐकू जाईल असा पुकारा करतो : “192.168.1.1 कोण? मला, म्हणजे 20 ला, तुमचा मॅक कळवा.” राउटर उत्तर देतो : “मी. माझा मॅक हा.” लॅपटॉप ही जोडी एका छोट्या तक्त्यात टिपून ठेवतो आणि पुढची पाकिटं त्या पत्त्यावर पाठवू लागतो. एआरपी म्हणजे एवढंच : एक पुकारा, एक उत्तर आणि वहीतली एक नोंद.

आता वर्गात परत चला. सर मान खाली घालून हजेरी घेताहेत. “सतरा!” मागच्या बाकावरून आवाज येतो, “हजर!” सर खूण करतात. आवाज सतराचाच होता का, हे पाहायला ते मान वर करत नाहीत. एआरपीही मान वर करत नाही, आणि ते तसं का आहे हेच खरं समजून घेण्यासारखं आहे. प्रोग्राम लिहिताना कोणाची नजर चुकली असा हा प्रकार नाही. ही रीत जाणूनबुजून ठरवलेली आहे आणि कागदावर लिहिलेली आहे.

तो कागद म्हणजे आरएफसी ८२६. नोव्हेंबर १९८२ मध्ये एमआयटीच्या डेव्हिड प्लमर यांनी तो लिहिला. त्या काळी एकाच इथरनेटच्या तारेवर निरनिराळ्या कंपन्यांच्या आणि संस्थांच्या बोलण्याच्या पद्धती एकत्र नांदत होत्या. प्रत्येकीचे पत्ते वेगळे, लांबी वेगळी, आणि इथरनेटला हवा ४८ बिटांचा मॅक पत्ता. कुठल्या पत्त्याचा मॅक कोणता, याचा एक मोठा तक्ता करून प्रत्येक यंत्रात हाताने भरणं हा एक मार्ग होता. पण यंत्र हलवलं, कार्ड जळालं, नवं यंत्र आणलं की सगळीकडचे तक्ते दुरुस्त करत बसावं लागलं असतं. म्हणून प्लमर यांनी यंत्रांनी एकमेकांना विचारून शिकावं अशी सोय केली. त्या तारेवरची यंत्रं म्हणजे एकाच संस्थेतले ओळखीचे लोक. त्यांच्यात खोटं कोण बोलणार, हा प्रश्न त्या कागदात नाहीच.

एआरपीचा निरोप हा अठ्ठावीस बाइटांचा छोटासा फॉर्म आहे. त्यात नऊ रकाने असतात. पहिले काही रकाने पत्ते कुठल्या प्रकारचे आणि किती लांबीचे ते सांगतात. एका रकान्यात हा प्रश्न आहे की उत्तर ते लिहायचं : १ म्हणजे प्रश्न, २ म्हणजे उत्तर. शेवटचे चार रकाने पाठवणाऱ्याचा मॅक, पाठवणाऱ्याचा आयपी, ज्याला उद्देशून निरोप आहे त्याचा मॅक आणि त्याचा आयपी. फॉर्म संपला. सहीचा रकाना नाही, साक्षीदाराचा नाही, “तुमच्या अमुक पुकाऱ्याचं हे उत्तर” असं सांगणारा जावक क्रमांकही नाही. पाठवणाऱ्याचे दोन्ही पत्ते पाठवणाराच भरतो, आणि तो जे भरेल ते खरं.

हा फॉर्म हातात आल्यावर यंत्राने काय करायचं, याच्या पायऱ्याही त्याच कागदात आहेत. पहिली पायरी : पाठवणाऱ्याचा आयपी आपल्या तक्त्यात आधीपासून असेल, तर त्याच्यासमोरचा मॅक या फॉर्ममधल्या नव्या मॅकने बदला. दुसरी : निरोप आपल्यालाच उद्देशून असेल आणि पाठवणारा तक्त्यात नसेल, तर त्याची नवी नोंद करा. आणि त्यानंतरच, हा प्रश्न आहे की उत्तर ते बघा. प्लमर यांनी या ठिकाणी कंसात, दोन उद्गारचिन्हं देऊन बजावलंय की तो रकाना आता वाचायचा, त्याआधी नाही.

म्हणजे नोंद आधी होते आणि निरोप कशाबद्दल आहे ते नंतर पाहिलं जातं. आपण काही विचारलं होतं का, हे तर कुठल्याच पायरीवर पाहिलं जात नाही. सरांनी हजेरी सुरूही केलेली नाही, आणि कोणीतरी उठून म्हणालं, “सर, सतरा नंबर मी,” की सर पट उघडून आधीचं नाव खोडतात आणि त्याचं लिहितात.

ऐकायला हे वेडेपणाचं वाटतं, पण त्यामागे व्यवहार होता. एखाद्याने मला काही विचारलं, तर थोड्या वेळात मलाही त्याला उत्तर पाठवावं लागणार. मग त्याचा पत्ता मी पुन्हा कशाला विचारू? त्याच्या प्रश्नातच तो आलाय, टिपून घेऊ. आणि कोणी कार्ड बदललं, तर त्याच्या पुढच्याच निरोपावरून सगळ्यांचे तक्ते आपोआप ताजे होतील. पुकारे कमी, तारेवरची गर्दी कमी. सगळे खरं बोलत असतील, तर यापेक्षा सोपी आणि स्वस्त रीत सापडणं कठीण.

आणि कोणी एक जण खरं बोलत नसेल तर?

खिडकीजवळच्या त्या मुलाचा लॅपटॉप समजा 192.168.1.35 आहे. त्याने इंटरनेटवरून ‘दुसऱ्याचं नेट कापणारं’ एक अ‍ॅप उतरवलं होतं. हॉस्टेलांमध्ये असली अ‍ॅपं जुनी आहेत. ते अ‍ॅप आधी खोलीतल्या प्रत्येक नंबरला पुकारून कोण कोण हजर आहे याची यादी काढतं. मग भाच्याच्या लॅपटॉपला एक न मागितलेलं उत्तर पाठवतं : “192.168.1.1 म्हणजे मी, आणि माझा मॅक हा,” आणि तिथे मॅक ३५ नंबरचा टाकतं. भाच्याच्या तक्त्यात राउटरची नोंद आधीपासून आहे, त्यामुळे पहिल्या पायरीप्रमाणे ती बदलते. त्या क्षणापासून भाच्याची बाहेर जाणारी सगळी पाकिटं खिडकीजवळ जाऊन पडतात. वायफाय यंत्रणेची यात काहीच चूक नाही. पाकिटावर जो मॅक लिहिलाय त्यालाच ती पाकीट देते. पत्ता चुकलाय तो लिहिणाऱ्याच्या वहीत.

पाकिटं मिळाल्यावर ३५ नंबरच्या हातात दोन रस्ते असतात. ती टाकून दिली, तर भाच्याचं नेट बंद, आणि लाइन ३५ नंबरला मोकळी. अभ्यासिकेत हेच चाललं होतं. दुसरा रस्ता जास्त गंभीर आहे. पाकिटं चाळून खऱ्या राउटरकडे पुढे पाठवायची आणि राउटरलाही असंच खोटं सांगायचं : “192.168.1.20 म्हणजे मी.” मग जाणारी आणि येणारी दोन्ही पाकिटं त्याच्या हातून जातात, नेट चालू राहतं आणि भाच्याला संशयही येत नाही. घरी येणारी पत्रं वाटेत कोणीतरी वाचून, पुन्हा चिकटवून पेटीत टाकावीत, तसं.

इथे एक शंका येईल. खरा राउटर तर तिथेच बसलाय, त्याच्या खऱ्या निरोपाने नोंद पुन्हा दुरुस्त होत नाही का? होते. म्हणून खोटं बोलणाऱ्याला ते पुन्हा पुन्हा बोलावं लागतं, दर एक-दोन सेकंदांनी. एआरपीत शेवटी बोलेल तो खरा, त्यामुळे जास्त वेळा बोलणारा जिंकतो.

आता शंका, न मागितलेली उत्तरं नाकारली तर? काही यंत्रं थोडंफार तसं करतात. लिनक्स आपणहून आलेल्या अशा निरोपावरून एरवी नवी नोंद करत नाही, पण आधीपासून असलेली नोंद बदलू देतो. आणि समजा कडक नियम केला की विचारलं असेल तरच उत्तर घ्यायचं, तरी प्रश्न साऱ्या खोलीला ऐकू जातो. ३५ नंबरलाही तो ऐकू येतो आणि तोही उत्तर देऊ शकतो. दोन उत्तरांतलं खरं कोणतं, हे ठरवायला विचारणाऱ्याकडे काहीच नसतं. पुकारा केला होता एवढंच त्याला आठवतं. ‘हजर’ म्हणणारा तोच कशावरून, याचा पुरावा फॉर्मवर येत नाही. मूळ अडचण ती आहे. बाकी सगळी डागडुजी तिच्याभोवती फिरते.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे यंत्राला नोंद जुनी वाटली तर ते काय करतं. आजचे विंडोज आणि लिनक्स साधारण पंधरा ते पंचेचाळीस सेकंदांनी नोंद शिळी झाली असं मानतात आणि गरज पडली की खात्री करून घेतात. पण खात्रीसाठी ते सगळ्या खोलीला ओरडत नाहीत. गर्दी वाढू नये म्हणून वहीत जो मॅक लिहिलाय त्यालाच हळूच विचारतात : “तूच 192.168.1.1 ना?” वहीत ३५ नंबरचा मॅक असेल, तर हा प्रश्न ३५ नंबरकडेच जातो, आणि तो म्हणतो, “हो, मीच.” चोरी झाली का याची चौकशी चोराच्याच घरी.

आता अभ्यासिकेत परत येऊ. भाच्याला मी सांगितलं, “अरे, उद्या सकाळी सातला गर्दी नसताना लॅपटॉपवर काळी खिडकी उघड आणि `arp -a` टाइप कर. जे दिसेल त्याचा फोटो पाठव. संध्याकाळी नेट गेलं की पुन्हा तेच कर.” दोन्ही फोटो आले. इथे मॅक पत्ते बदलून देतो, म्हणजे वाचायला सोपे जातील आणि कोणाचं खरं यंत्रही उघडं पडणार नाही. सकाळी :

```
192.168.1.1     00-00-5e-00-53-01   dynamic
```

आणि संध्याकाळी :

```
192.168.1.1     00-00-5e-00-53-35   dynamic
192.168.1.35    00-00-5e-00-53-35   dynamic
```

सकाळी राउटरचा मॅक ०१ ने संपत होता, संध्याकाळी ३५ ने. राउटर तोच, टेबलावर तिथेच, पण त्याचा जन्मखुणेसारखा पत्ता बदलला. आणि तोच मॅक दुसऱ्या नंबरापुढेही दिसतोय. राउटर उलटा करून खालच्या स्टिकरवरचा मॅक वाचायला सांगितला, तो सकाळच्याशी जुळला. (स्टिकरवरच्या आणि प्रत्यक्षातल्या मॅकमध्ये कधीकधी शेवटच्या आकड्याचा एखाद्याने फरक असतो, त्याने दचकू नये.)

एवढ्यावर कोणाची कॉलर धरू नये. दोन नंबरांपुढे एकच मॅक दिसण्याची सरळ कारणंही असतात. वायफाय लांब पोचवण्यासाठी मधे रिपीटर लावला असेल, तर त्याच्या पलीकडची यंत्रं बहुधा त्याच्याच मॅकने दिसतात. मोठ्या कार्यालयांत तर एक सर्व्हर बंद पडला की जोडीचा सर्व्हर त्याचा नंबर स्वतःकडे घेतो आणि “आता हा नंबर माझा” असा न विचारता पुकारा करतो. तांत्रिकदृष्ट्या ही प्रॉक्सीच, पण घरच्यांच्या संमतीने. अभ्यासिकेत रिपीटर नव्हता आणि बदल रोज संध्याकाळीच व्हायचा, म्हणून माझी खात्री पटली. खोटं बोलणारा जरा हुशार असता, तर त्याने स्वतःचा मॅक न देता कुठलाही काल्पनिक मॅक दिला असता. नेट बंद पाडायला तेही पुरतं, आणि मग दोन सारख्या ओळी दिसल्याच नसत्या. तेव्हा खरी कसोटी एकच : राउटरसमोरचा मॅक स्टिकरवरच्या मॅकशी जुळतो का.

उपाय करताना आणखी एक धडा मिळाला. राउटरच्या सेटिंगमध्ये `AP Isolation` नावाची खूण असते. ती लावली की वायफायवरची यंत्रं एकमेकांशी बोलू शकत नाहीत, फक्त राउटरशी बोलतात. ३५ नंबरचा खोटा निरोप भाच्यापर्यंत पोचायचा बंद झाला, आणि मला वाटलं काम झालं. दुसऱ्या संध्याकाळी फोन : “मामा, पुन्हा गेलं.” माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. भाच्याशी बोलणं बंद झालं, तरी राउटरशी बोलायला ३५ नंबर मोकळाच होता. तो राउटरला सांगत होता की 20 म्हणजे मी. भाच्याची पाकिटं आता नीट बाहेर जात होती, पण परत येणारी उत्तरं राउटर भलत्याच मॅकवर पाठवत होता. खोटं दोन्ही टोकांना बोलता येतं, म्हणून पहाराही दोन्ही टोकांना लागतो. शेवटी राउटरमध्ये प्रत्येक नंबराची त्याच्या मॅकशी पक्की गाठ बांधली. बांधलेली नोंद कोणाच्या निरोपाने बदलत नाही. वीस-पंचवीस यंत्रांपुरतं हे हाताने जमलं. कॉलेज किंवा कंपनीत ते जमत नाही. तिथे महागडे स्विच हे काम करतात : कोणत्या यंत्राला कोणता नंबर वाटला याची यादी ते ठेवतात आणि तिच्याशी न जुळणारा एआरपी निरोप वाटेतच फेकून देतात. म्हणजे सरांनी मान वर केली नाही, तरी वर्गाच्या दाराशी ओळखपत्र पाहणारा शिपाई बसवला.

मग फॉर्मवर सहीचा रकानाच का वाढवला नाही? तसे प्रस्ताव आले. पण सही तपासायची तर कोणाची सही कशी असते हे आधी कुठूनतरी कळायला हवं, आणि नेटवर्कवर काहीही कळण्याआधीच एआरपीचं काम सुरू होतं. आयपीच्या नव्या आवृत्तीत एआरपीच्या जागी दुसरी पद्धत आली, पण विश्वासाचा प्रश्न तिच्याबरोबर तसाच गेला. २००५ मध्ये तिच्यासाठी सहीसह एक सुरक्षित रूप ठरवलं गेलं, ते फारसं वापरात आलं नाही.

त्यामुळे वाटेत कोणी वाचतोय असं गृहीत धरून पाकीटच कुलूपबंद करायचं, हा मार्ग जगाने पत्करला. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या सुरुवातीला `https` असतं ते यासाठी. मधे बसलेल्याला पाकीट मिळतं, आतला मजकूर मिळत नाही. कोणत्या साइटवर गेलात याचा अंदाज मात्र तो बरेचदा बांधू शकतो. खोटी साइट पुढे करायचा प्रयत्न केला, तर ब्राउझर प्रमाणपत्र जुळत नसल्याचा इशारा देतो. अनोळखी वायफायवर असा इशारा आला, तर ‘पुढे जा’ दाबू नये. नेट कापणं मात्र कुलपाने थांबत नाही, कारण पाकीट फेकून द्यायला ते उघडावं लागत नाही. आणि हे सगळं एका नेटवर्कच्या भिंतींआत चालतं. एआरपीचा पुकारा राउटरच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे खोटं बोलणारा नेहमी त्याच वायफायवर किंवा त्याच तारेवर असतो.

खिडकीजवळच्या त्या मुलाला मालकांनी बाजूला घेऊन समज दिली. दुसऱ्याचं नेटवर्क मुद्दाम बंद पाडणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं, हे त्याला ठाऊकही नव्हतं. त्याला फक्त लेक्चरचे व्हिडिओ न अडखळता बघायचे होते.

भाच्याने शेवटी विचारलं, “मामा, एवढं सगळं करण्यापेक्षा वायफायचा पासवर्ड बदलला असता तर?”

मी म्हटलं, “बदललेला पासवर्ड त्यालाही द्यावा लागला असता ना रे. फी भरली होती त्याने. पासवर्ड दारात विचारतात. आत आल्यावर कोण कुठल्या नंबराला ‘हजर’ म्हणतोय, ते कोणी विचारत नाही.”